धूळ, ओरखडे, ठसे गेले, पण वस्तू मेणासारखी दिसू लागली: पोत राखून रिटचिंग कसं करायचं

तक्रार नेहमी एकच असते. प्रॉडक्टचा फोटो साफ केला, पूर्ण चित्र पडद्यावर मावेल एवढं लहान करून पाहिलं तर छान दिसतं. मग कोणीतरी झूम करतं आणि मॅट पृष्ठभागावर गुळगुळीत, मेणचट डाग दिसतात. जिथे धूळ होती तिथे आता पोतच नाही. डाग पुन्हा दुरुस्त करायला गेलं की ते आणखी पसरतात. शेवटी शार्पनिंग केलं की उरलेली बारीक धूळ वर येते, ती काढताना आणखी चार डाग पडतात, आणि हे चक्र थांबत नाही.

मी स्वतः बराच काळ याला हाताच्या सफाईचा प्रश्न समजत होते. खरं कारण वेगळं आहे: धूळ, ओरखडा आणि बोटांचा ठसा हे तीन दोष पोताचं तीन वेगळ्या प्रकारे नुकसान करतात, आणि आपण तिन्हींवर एकच हत्यार चालवतो. धुळीचा कण पोत झाकतो, त्यामुळे त्याच्याखालचा पोत फोटोत नसतोच आणि तो शेजारून उसना आणावा लागतो. ओरखडा पोताच्या रेषा तोडतो, त्या जुळवून द्याव्या लागतात. बोटाच्या ठशाखाली मात्र पोत शाबूत असतो, फक्त त्याची उजळी आणि कॉन्ट्रास्ट बदललेला असतो. तिथे काही उसनं आणायचं नसतं, टोन परत जागेवर आणायचा असतो. ठशावर हीलिंग ब्रश किंवा ब्लर चालवणं म्हणजे फोटोत असलेला पोत आपल्याच हाताने पुसणं.

एक उदाहरण घेऊन पुढे जाते. काळ्या पावडर कोटिंगची स्टीलची पाण्याची बाटली, वर ब्रश फिनिशचं स्टीलचं झाकण. बाटली 25 सेंटिमीटर उंच, फोटोत तिची उंची साधारण 4000 पिक्सेल, म्हणजे मिलिमीटरला 16 पिक्सेल. हा आकडा आधी काढून ठेवा, तो पुढे फार कामाला येतो. अंगावर पांढरी धूळ, झाकणावर एक तिरका ओरखडा, आणि अंगाच्या मधोमध अंगठ्याचा ठसा. फाइल 16 बिटची, काम फोटोशॉपमध्ये, शार्पनिंग अजून केलेलं नाही.

आधी दिसलं पाहिजे

काळ्या वस्तूवरची निम्मी धूळ नेहमीच्या उजेडीत दिसतच नाही. सगळ्यांत वर एक Curves लेयर ठेवा आणि पांढरं टोक डावीकडे ओढत Input 80 च्या आसपास आणा. काळ्या भागातले बारीक फरक ताणले जातात आणि लपलेली धूळ, जुन्या दुरुस्तीच्या कडा, ठशाचा परीघ, सगळं उघडं पडतं. शार्पनिंगनंतर धूळ “परत येते” ती हीच, आधीपासून तिथेच असलेली. काम करताना हा लेयर चालू-बंद करत राहा. फाइल पाठवण्याआधी तो काढून टाकायला मात्र विसरू नका.

झूम 100% किंवा 200% ठेवा. 66.7% सारख्या मधल्या टक्क्यावर पडद्यावरचे पिक्सेल पुन्हा मोजून दाखवले जातात, त्यामुळे कोटिंगचा दाणा खरा किती तीक्ष्ण आहे ते कळत नाही. मेणचट डाग बहुतेक वेळा अशाच झूमवर जन्माला येतात.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवा: कोणता ठिपका धुळीचा आणि कोणता कोटिंगचा? वस्तू हाताशी असेल तर पुसून बघा. नसेल तर त्याच शूटमधली दुसरी फ्रेम शेजारी उघडा. बाटली फिरवल्यावर ठिपका बाटलीबरोबर फिरला आणि पुसल्यावरही राहिला, तर तो वस्तूचाच आहे. सगळ्या फ्रेममध्ये चित्राच्या त्याच कोपऱ्यात दिसणारा मऊ काळसर डाग कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या धुळीचा असतो, आणि लेन्सचं छिद्र जितकं लहान, f/16 किंवा त्याहून पुढे, तितका तो ठळक होतो. वस्तूवरची धूळ मात्र तीक्ष्ण कडांची आणि काळ्या अंगावर उजळ दिसते.

धूळ: कण झाका, परिसर नको

रिकामा लेयर घ्या, हीलिंग ब्रश निवडा, `Sample: Current & Below` ठेवा. ब्रशचा आकार कणाच्या साधारण दीडपट, याहून मोठा नको. आणि Hardness 85 ते 100 ठेवा. इथेच बहुतेकांचा हात उलटा जातो, कारण मऊ ब्रशने जोड लपेल असं वाटतं. जोड लपतो खरा, पण पोत मरतो. मऊ कडेत जुना आणि नवा, असे दोन वेगळे दाणे एकमेकांत मिसळतात. एका ठिकाणी जुना दाणा उजळ, नवा काळा, त्यांची सरासरी राखाडी. दोन असंबद्ध दाणे निम्मे-निम्मे मिसळले की कॉन्ट्रास्ट मूळच्या सुमारे 70 टक्क्यांवर येतो. म्हणजे दुरुस्तीभोवती गुळगुळीत कडं तयार होतं, आणि डोळ्याला ते कडंच डाग म्हणून दिसतं. क्लोन स्टॅम्प 50% Opacity वर चालवल्याने हेच होतं, फक्त कडेला न होता सगळीकडे. म्हणून पोतावर काम करताना Opacity 100% आणि कड घट्ट.

हीलिंग ब्रशला एक `Diffusion` नावाची पट्टी आहे, 1 ते 7. आसपासचा रंग दुरुस्तीत किती लवकर मिसळावा हे तिच्यावर ठरतं. बारीक दाणा असेल तर कमी आकडा, गुळगुळीत पृष्ठभागाला मोठा. या बाटलीसाठी मी 2 ठेवला.

आता नमुना कुठून घ्यायचा? बाटली गोल आहे, त्यामुळे डावीकडून उजवीकडे उजेड बदलतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दाणाही बदलतो. कडेकडे पृष्ठभाग वळत जातो तसा दाणा आडवा चेपलेला दिसतो आणि फोकसही थोडा ढळतो. हीलिंग ब्रश उजेड जुळवून देतो, पण दाण्याची तीक्ष्णता जुळवून देत नाही. मधला तीक्ष्ण दाणा कडेला आणून बसवला तर तो चिकटवल्यासारखा दिसणारच. म्हणून नमुना नेहमी कणाच्या सरळ वरून किंवा खालून, त्याच उभ्या पट्ट्यातून घ्या. उभ्या पट्ट्यात उजेड, दाणा आणि कॅमेऱ्यापासूनचं अंतर, तिन्ही जवळपास सारखी राहतात.

स्पॉट हीलिंग ब्रश नमुना स्वतःच शोधतो, आणि एकट्या लहान कणाला तो पुरेसा आहे. पण कण एकमेकांना खेटून असतील तर तो शेजारचा कणच उचलून आणतो. काळ्या अंगावरच्या अगदी फिक्या कणांसाठी दुसरी युक्ती चांगली चालते: क्लोन स्टॅम्प `Darken` मोडमध्ये. नमुन्यापेक्षा उजळ असलेले पिक्सेलच त्यात बदलतात, बाकीचा दाणा जागचा हलत नाही. फक्त ठिपक्यावर एक टिचकी द्या. तोच ब्रश इकडे तिकडे घासलात तर प्रत्येक ठिकाणी दोन दाण्यांमधला काळाच निवडला जातो आणि सगळा भाग काळवंडून सपाट होतो.

बारीक धूळ शेकड्यांनी असेल तर हाताने करणं अशक्य होतं. तेव्हा Dust & Scratches फिल्टर वापरायला हरकत नाही, पण पूर्ण चित्रावर नाही. मूळ चित्राच्या लेयरची एक प्रत काढा, तिच्यावर आधी Threshold 0 ठेवून Radius फक्त एवढाच वाढवा की बारीक कण नाहीसे होतील. इथे 3 पुरला. या क्षणी सगळा दाणाही गेलेला असेल, तो जाऊ द्या. मग Threshold हळूहळू वाढवत न्या, दाणा परत दिसू लागेपर्यंत. या बाटलीत दाण्याचे उजळ बिंदू आजूबाजूपेक्षा 20-25 पातळ्यांनी वेगळे होते आणि धूळ 60 च्या वर, म्हणून 40 ला दोघांची फारकत झाली. नंतर त्या लेयरला काळा मास्क लावा आणि धूळ दाट आहे तिथेच पांढऱ्याने रंगवा. तीन पिक्सेलच्या खड्ड्यात दाणा नसला तरी कोणाला कळत नाही. धूळ आणि दाणा यांच्या उजळीत एवढं अंतर नसेल, तर मात्र या फिल्टरचा नाद सोडा.

ओरखडा: रेषांच्या दिशेने

झाकणाच्या बाजूवर ब्रश फिनिशच्या आडव्या रेषा आहेत आणि ओरखडा त्यांना तिरका छेदून जातो. आधी फोटो फिरवून रेषा अचूक आडव्या करून घ्या, त्या कललेल्या असतील तर पुढचं सगळं फसतं.

धुळीच्या वेळी नमुना वरून-खालून घेतला होता, इथे बरोबर उलटं. वरखाली सरकलं की वेगळ्या रेषा येतात आणि जोड तुटतो. आडवं सरकलं की तीच रेषा पुढे सुरू राहते. हाताने अगदी आडवं सरकणं जमत नाही, एका पिक्सेलची चूकही दिसते. म्हणून हीलिंग ब्रशने नमुना एकदा घ्या, `Aligned` चालू ठेवा, आणि Clone Source पॅनेलमध्ये Offset चे आकडे स्वतः टाका: X 12, Y 0. मग ओरखड्यावरून आखूड आखूड फटके मारत जा. ओरखडा तिरका असल्यामुळे प्रत्येक रेषेला तो वेगळ्या जागी छेदतो, आणि शेजारच्या 12 पिक्सेलवर ती रेषा स्वच्छच असते.

ओरखड्याची रुंदी नीट मोजा. धातूवरच्या ओरखड्याला एक काळी खाच असते आणि तिच्या काठाला उचललेली उजळ धार. आपण डोळ्याला खुपणारी उजळ धार झाकतो, खाच तशीच राहते आणि शार्पनिंगनंतर भुतासारखी एक पुसट रेघ उगवते. ब्रश दोन्हींना पुरेल एवढा हवा.

स्टीलवर उजेडाची पट्टी जिथे अचानक संपते, तिथे हीलिंग ब्रश वापरू नका. तो दोन्ही बाजूंचे रंग एकमेकांत ओढतो आणि कडेवर धुरकट डाग येतो. त्या थोड्या पिक्सेलसाठी साधा क्लोन स्टॅम्प घ्या, Offset चा Y तोच 0, X आणखी कमी. रेषांना समांतर असलेली एखादी खोल रेघ दिसली तर आधी तो ओरखडाच आहे का ते तपासा. ब्रश फिनिशमध्ये काही रेषा मुळातच खोल असतात. त्या काढल्या की फिनिश छापील दिसू लागतं, मला तरी त्या तिथेच असलेल्या बऱ्या वाटतात.

ठसा: पोत सगळ्यांत जास्त बिघडतो तो इथे

मॅट पृष्ठभाग मॅट दिसतो तो त्यावरच्या सूक्ष्म खड्ड्यांमुळे, त्यांच्यावरून उजेड चहूकडे विखुरतो. बोटाचं तेल हे खड्डे भरतं. विखुरणं कमी होतं, तेवढी जागा काळसर आणि किंचित चकचकीत होते. म्हणून अंधाऱ्या भागात ठसा आजूबाजूपेक्षा काळा दिसतो, आणि उजेडाच्या पट्टीत तोच उजळ दिसू शकतो. अर्ध्या ठशाला एक दुरुस्ती आणि उरलेल्या अर्ध्याला दुसरी लागते. एकाच Curves ने पूर्ण ठसा सारखा होत नाही म्हणून लोक वैतागून ब्लरकडे वळतात.

या बाटलीत ठसा अंधाऱ्या भागातच होता. Histogram पॅनेल मोठ्या स्वरूपात उघडलं की Mean आणि Std Dev हे दोन आकडे दिसतात. ठशाच्या आत एक चौकोन निवडला: Mean 31, Std Dev 3.4. तेवढाच चौकोन त्याच उभ्या पट्ट्यात, स्वच्छ जागी: Mean 36, Std Dev 4.5. पॅनेलवर सावधानतेचं चिन्ह दिसलं तर त्यावर क्लिक करा, नाहीतर आकडे साठवलेल्या लहान चित्राचे असतात. Mean म्हणजे उजळी, Std Dev म्हणजे दाण्याचा कॉन्ट्रास्ट. तेलाने उजळी 5 पातळ्यांनी उतरवली होती आणि दाणाही थोडा दाबला होता.

नवा Curves लेयर घेतला, 31 ला 36 वर उचललं, आणि त्या बिंदूजवळ रेघ थोडी उभी केली, म्हणजे दाण्याचा कॉन्ट्रास्टही वाढतो. मास्क काळा करून मऊ ब्रशने, Flow 4%, ठशाचा परीघ विरेपर्यंत रंगवलं. इथे मऊ ब्रश योग्यच आहे, कारण आपण दाणे मिसळत नाही, फक्त उजळी बदलतो आहोत. शेवटी आकडे आले Mean 36, Std Dev 4.2. ठशाचा डाग गेला.

पण वळणदार रेघा राहिल्या. त्या Curves ने जात नाहीत, कारण रेघ आणि तिच्यामधली फट यांची उजळी वेगळी आहे. इथे फ्रीक्वेन्सी सेपरेशन कामाला येतं, म्हणजे उजळीचे ढोबळ बदल एका लेयरवर आणि बारीक पोत दुसऱ्यावर. तोपर्यंतच्या कामाचा एक एकत्रित लेयर बनवा (Ctrl+Alt+Shift+E, मॅकवर Cmd+Option+Shift+E; आधी तपासणीचा लेयर बंद करा), त्याच्या दोन प्रती काढा. खालच्या प्रतीला Gaussian Blur द्या. वरच्या प्रतीवर Apply Image उघडून खालचा लेयर निवडा आणि 16 बिटसाठी हे भरा:

```
Blending: Add
Invert:   on
Scale:    2
Offset:   0
```

8 बिटची फाइल असेल तर `Subtract`, Scale 2, Offset 128, आणि Invert बंद. मग वरच्या लेयरचा मोड `Linear Light`. दोन्ही लेयर चालू-बंद करून चित्र अजिबात बदलत नसेल तर विभागणी बरोबर झाली.

आता Blur चा Radius किती? सर्वसाधारण सल्ला 8 किंवा 10 चा असतो आणि तो डोळे झाकून पाळला की ठसा जात नाही. कारण मोजून पाहा. बोटावरच्या रेघा एकमेकींपासून साधारण अर्धा मिलिमीटर असतात, आपल्या फोटोत मिलिमीटरला 16 पिक्सेल, म्हणजे 8 पिक्सेल. Radius 8 ने त्या खालच्या लेयरमधून पूर्ण पुसल्या जातात आणि सगळ्या वरच्या, पोताच्या लेयरवर जाऊन बसतात. मग माणूस खालच्या लेयरला कितीही ब्लर करो, रेघा तिथे नाहीतच. वैतागून तो वरच्या लेयरलाही ब्लर करतो आणि दाणा संपतो.

Radius 1.5 ठेवला तर रेघांचा जोर सुमारे निम्मा खाली आणि निम्मा वर राहतो, आणि दोन-तीन पिक्सेलचा दाणा जवळपास सगळा वर. पूर्ण फारकत होत नाही, कारण दाणा आणि रेघा आकाराने फार दूर नाहीत. त्यामुळे काम दोन्ही लेयरवर करावं लागतं. खालच्यावर लॅसोने ठशाचा भाग 15 पिक्सेल Feather देऊन निवडा आणि तेवढ्यालाच 6 च्या Radius चा ब्लर द्या. मोठ्या Radius ने उजेडाचा नैसर्गिक उतार सपाट होतो, म्हणून मोह आवरा. वरच्या लेयरवर क्लोन स्टॅम्प घ्या, `Sample: Current Layer`, Opacity 100%, कड घट्ट, आणि रेघा अजून ओळखू येतात तेवढ्याच ठिकाणी त्याच उभ्या पट्ट्यातला स्वच्छ दाणा बसवा. वरच्या लेयरवर उजळी नसते, फक्त दाणा असतो, म्हणून त्या पट्ट्यात तो वर-खाली कुठूनही आणला तरी उजळीचा डाग पडत नाही. दर तीन-चार फटक्यांनंतर नमुना बदला. नाहीतर एकच उजळ बिंदू ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा दिसतो आणि नजर नेमकी त्यावर जाते.

ठसा उजेडाच्या पट्टीच्या कडेवर किंवा चकचकीत धातूवर असेल, तर हे सगळं करूनही निकाल जेमतेमच येतो. तिथे पोत आणि प्रतिबिंब वेगळे करता येत नाहीत. त्यावर एकच खरा उपाय आहे आणि तो शूटच्या वेळचा: कॅमेरा, लाइट आणि वस्तू न हलवता ठसा मायक्रोफायबरने पुसून आणखी एक फ्रेम घ्या. नंतर ती फ्रेम वर ठेवून मास्कने फक्त ठशाची जागा उघडा. अशा वेळी उसनं काहीच नसतं, पोत वस्तूचा स्वतःचाच असतो. मी आता प्रत्येक गडद वस्तूची ही फ्रेम घेतेच.

पोत गेला की राहिला, ते कसं ओळखायचं

डोळ्यांवर विसंबू नका, तासाभराच्या कामानंतर ते दुरुस्तीला सरावलेले असतात. पुन्हा एक एकत्रित लेयर बनवा, त्यावर High Pass, Radius 3, आणि वर Levels ने कॉन्ट्रास्ट जोरात वाढवा. उजळी निघून जाते, उरतो फक्त पोत, वाळूच्या कागदासारखा. गुळगुळीत झालेल्या जागा त्यात सपाट राखाडी बेटांसारख्या उठून दिसतात, फार घट्ट बसवलेला दाणा खरबरीत ठिगळासारखा दिसतो. संशय असेल तिथे Std Dev मोजा. माझ्या बाटलीवर पहिल्या प्रयत्नात, मऊ ब्रशने केलेल्या एका दुरुस्तीत हा आकडा 4.5 वरून 2.1 ला आला होता. घट्ट कडेने तीच जागा पुन्हा केल्यावर 4.3.

बेट सापडलं तर त्यावर नॉइझ घालून वेळ मारून नेऊ नका. नॉइझ प्रत्येक पिक्सेलला स्वतंत्र असतो, कोटिंगचा दाणा दोन-तीन पिक्सेलचा आणि एका बाजूने उजळलेला असतो, 200% वर फरक लगेच दिसतो. दुरुस्ती वेगळ्या लेयरवर आहे, तेवढी जागा खोडरबराने पुसा आणि मूळ पिक्सेलवर पुन्हा करा. दुरुस्तीवर दुरुस्ती केली की आधीच मिसळलेला दाणा आणखी एकदा मिसळतो.

एवढं झाल्यावर शेवटच्या आकाराला चित्र लहान करा आणि मग शार्पनिंग द्या, त्या आधी नाही. शार्पनिंगनंतर तपासणीचा Curves लेयर एकदा परत लावून बघा. एखादा कण निसटलेला दिसला तर मूळ मोठ्या फाइलमध्ये जाऊन तिथे तो काढा आणि निर्यात पुन्हा करा. लहान केलेल्या, शार्प झालेल्या फाइलवर ब्रश लावू नका, कारण तिथल्या दाण्याभोवती शार्पनिंगची उजळ कड आलेली असते आणि नमुन्याबरोबर तीही उचलली जाते.